छोट्या खात्यात बजेट कॅम्पेनला द्यावं की ॲड सेटला?

प्रश्न: सर, मी तासगावचा. घरचा बेदाणा फेसबुक-इन्स्टाग्रामवर जाहिरात करून व्हॉट्सॲपवर विकतो. रोजचं बजेट ६०० रुपये. सांगली-मिरज, कोल्हापूर, पुणे आणि मुंबई-ठाणे असे चार ॲड सेट आहेत. कॅम्पेन बजेट लावलं तर जवळपास सगळे पैसे सांगलीलाच जातात. प्रत्येक ॲड सेटला १५० लावले तर चारही ठिकाणी "Learning limited" दिसतं. एक जण म्हणतो सीबीओ म्हणजे कॅम्पेन बजेटच लाव, दुसरा म्हणतो छोट्या खात्याला एबीओ म्हणजे ॲड सेट बजेटच बरं. नक्की काय ठेवू?

उत्तर:

आज तुम्ही ॲड सेट बजेट ठेवा. पण चार सेट ठेवू नका. आधी दोन आठवडे तीन सेट मोजण्यापुरते चालवा आणि त्यानंतर बहुतेक करून एकाच सेटवर या. ६०० रुपयांत बजेट वर ठेवायचं की खाली, यापेक्षा ते किती ठिकाणी फाटतंय आणि कशाच्या मागे धावतंय, याने जास्त फरक पडतो.

पैसे सांगलीलाच का जातात, ते आधी पाहू. तुमच्याकडे द्राक्षबाग आहे, म्हणजे पाण्याची गोष्ट तुम्हाला लगेच कळेल. पाटाला पाणी सोडलं आणि सगळ्या वाफ्यांची दारं उघडी ठेवली, तर पाणी उताराच्या वाफ्यात जातं. कुठल्या वाफ्यात कसलं पीक आहे, ते पाण्याला माहीत नसतं. कॅम्पेन बजेट म्हणजे ही उघडी दारं. ॲड सेट बजेट म्हणजे दारं धरायला तुम्ही स्वतः उभे आहात, या वाफ्याला एवढं, त्या वाफ्याला तेवढं.

आता उतार कशाचा, तर तुम्ही फेसबुकच्या यंत्रणेला जो रिझल्ट सांगितला असेल त्याचा. व्हॉट्सॲपच्या जाहिरातीत तुम्ही सांगितलंय की मला चॅट सुरू झालेले हवेत. मग ती सगळ्यात स्वस्त चॅट शोधते. सांगली-मिरजेत बेदाण्याची जाहिरात दिसली की बोट पटकन खाली जातं, कारण वस्तू ओळखीची आणि भाव विचारायची सवय जुनी. "काय किलो?" एवढं विचारलं की चॅट सुरू झाला. यंत्रणेचं काम तिथे संपतं, तुमचं सुरू होतं. सांगली-तासगावच्या माणसाचा कोणी ना कोणी पाहुणा बेदाण्यात असतो. तो तुमच्याकडून भाव घेतो आणि माल पाहुण्याकडून. हे तुम्हाला ठाऊक आहे, यंत्रणेला नाही, कारण ऑर्डर व्हॉट्सॲपच्या आत ठरते आणि पैसे यूपीआयने येतात. जाहिरातीच्या खात्यात ती ऑर्डर कुठेच नोंदली जात नाही.

"मग यंत्रणेला ऑर्डरच आणायला सांगू का?" असं तुम्ही विचाराल. वेबसाइट करून, तिथली ऑर्डर फेसबुकला कळवणारा पिक्सेल हा कोड लावून ते करता येतं, पण ६०० रुपयांत ते शिकण्याइतके रिझल्ट मिळत नाहीत. यामागचा हिशोब एकदा नीट समजून घ्या, कारण "Learning limited" सुद्धा त्यातूनच येतं.

मेटाचं म्हणणं असं की एका ॲड सेटला शेवटच्या मोठ्या बदलानंतर सात दिवसांत साधारण ५० रिझल्ट मिळाले, म्हणजे त्याचं शिकणं पूर्ण होतं. ही मोजणी प्रत्येक ॲड सेटची वेगळी होते. म्हणून एका सेटला रोज किती पैसे लागतील, ते असं काढा:

```
रोजचं बजेट = ५० × एका रिझल्टचा खर्च ÷ ७
```

चॅट ५० रुपयांना पडत असेल तर ५० गुणिले ५० म्हणजे २,५००, भागिले ७, म्हणजे रोज सुमारे ३५७ रुपये. तुमच्या १५० रुपयांत आठवड्याला १,०५० रुपये जातात, म्हणजे फक्त २१ चॅट. सांगलीत चॅट २५ रुपयांना पडला तरी १,०५० मध्ये ४२ होतात, तोही सेट अडकतो. म्हणून चारही ठिकाणी तोच शिक्का दिसतोय. यात तुमच्या जाहिरातीचा दोष नाही, पैसे चार ठिकाणी फाटलेत एवढंच. आणि रिझल्ट म्हणून ऑर्डर ठेवली आणि ती ३०० रुपयांना पडली, तर एकाच सेटला रोज दोन हजारांच्या वर हवेत.

एवढं मात्र सांगतो की "Learning limited" दिसलं म्हणून जाहिरात बंद पडत नाही. ती चालते, रिझल्टही येतात, फक्त त्यांचा भाव रोज वर-खाली होत राहतो. घाबरून रोज काहीतरी बदलायला जाऊ नका. टार्गेटिंग बदललं, सेटमध्ये नवी जाहिरात टाकली किंवा बजेट एकदम दुप्पट केलं, की शिकणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. छोट्या खात्यांचं नुकसान चुकीच्या बजेट पद्धतीने जेवढं होतं, त्याहून जास्त या रोजच्या हात लावण्याने होताना मी पाहिलंय.

आता एक पूर्ण उदाहरण सांगतो. ते तुमच्याशी इतकं जुळतं की प्रश्न वाचताना तेच आठवलं. मिरजेच्या एक ताई घरी कांदा-लसूण मसाला आणि हळद करून विकतात. त्यांचंही बजेट रोज ६०० होतं. माझ्याकडे आल्या तेव्हा कॅम्पेन बजेटवर सांगली-मिरज, पुणे आणि मुंबई-ठाणे असे तीन सेट चालू होते. खाली दिलेले आकडे मी जवळच्या पूर्णांकात आणलेत.

दोन आठवड्यांत ८,४०० रुपये गेले होते. त्यातले ६,३०० सांगली-मिरजेला, १,५०० पुण्याला, ६०० मुंबईला. एकूण चॅट २९०, म्हणजे सरासरी २९ रुपयांना एक. रिपोर्ट पाहिला तर कोणीही खूश होईल. पण ऑर्डर आल्या १५. म्हणजे एका ऑर्डरला ५६० रुपयांची जाहिरात. ताईंना एका ऑर्डरमागे माल, पॅकिंग आणि कुरिअर जाऊन ४५० रुपये सुटत होते. "चॅट एवढे येतात, मग पैसे कुठे जातात?" हा त्यांचा प्रश्न होता. उत्तर देण्यासाठी ऑर्डर कुठल्या शहरातून येतात ते कळायला हवं होतं, आणि ते त्यांनी लिहून ठेवलेलं नव्हतं.

म्हणून आधी मोजणी लावली. व्हॉट्सॲपच्या जाहिरातीत ग्राहकाचा पहिला मेसेज आपल्याला आधीच लिहून ठेवता येतो. तीनही सेटमध्ये जाहिरात तीच ठेवली, फक्त हा मेसेज वेगळा केला. पुण्याच्या सेटमध्ये "पुण्यासाठी मसाल्याचा भाव पाठवा", मुंबईच्या सेटमध्ये "मुंबईसाठी", असं. चॅट आला की तो कुठल्या सेटचा हे पहिल्याच ओळीत दिसतं. मग व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये प्रत्येक शहराचं एक लेबल केलं आणि पैसे आले की त्यावर आणखी एक लेबल. काही ग्राहक तो मेसेज खोडून स्वतःचं लिहितात. त्यांना पत्ता विचारावाच लागतो, तेव्हा लेबल लावायचं. ताई हे रोज रात्री दहा मिनिटांत करायच्या.

मग बजेट कॅम्पेनवरून काढून ॲड सेटला दिलं. तीनही सेटला २०० रुपये, चौदा दिवस, मध्ये हात लावायचा नाही. चौदा दिवस यासाठी की दोन शनिवार-रविवार येतात, आणि पगाराचा आठवडा व बिनपगाराचा आठवडा दोन्ही येण्याची शक्यता वाढते. प्रत्येक सेटला २,८०० रुपये गेले.

सांगली-मिरजेत चॅट २५ रुपयांना पडला. ११२ चॅट आले, ऑर्डर ४. पुण्यात चॅट ५० रुपयांना, म्हणजे दुप्पट महाग. ५६ चॅट आले, पण ऑर्डर १०. मुंबई-ठाण्यात चॅट ७० रुपयांना, ४० चॅट, ऑर्डर ६. ऑर्डरमागचा खर्च काढला तर सांगलीत ७००, पुण्यात २८०, मुंबईत सुमारे ४६७ रुपये.

एकूण चॅट २९० वरून २०८ वर आले आणि ऑर्डर १५ वरून २० वर गेल्या. यंत्रणेच्या वहीत कामगिरी घसरली, ताईंच्या वहीत सुधारली. यंत्रणेने पहिल्या दोन आठवड्यांतही सांगितलेलं काम चोख केलं होतं, स्वस्त चॅट आणून दिले होते. पण सांगलीत अठ्ठावीस चॅटमागे एक ऑर्डर आणि पुण्यात सहापेक्षा कमी चॅटमागे एक, हा फरक तिला कळायला मार्गच नव्हता. याचं कारणही साधं आहे. मिरजेतल्या घरात उन्हाळ्यात मिरच्या आणून डंकावर मसाला करून घेतात. ते लोक भाव विचारतात आणि "घरीच करतो आम्ही" म्हणून सोडतात. पुण्यात वारज्यात किंवा पिंपरीत राहणाऱ्या सांगली-साताऱ्याच्या माणसाला तीच चव हवी असते, पण मसाला करायला ना अंगण असतं ना वेळ.

तुमच्या बेदाण्याचं गणित तंतोतंत असंच निघेल असं मी म्हणणार नाही. पण जिथे वस्तू पिकते किंवा बनते तिथे चौकशी स्वस्त आणि विक्री कमी, हे आपल्याकडे हळद, गूळ, बेदाणा या सगळ्यात मला दिसलंय. म्हणून मोजा.

मोजताना एक जपा. चार आणि सहा ऑर्डर हे फार छोटे आकडे आहेत. सांगलीच्या चार आणि मुंबईच्या सहा यांतला फरक नुसत्या योगायोगानेही येऊ शकतो, त्यावरून मुंबई चांगली असं ठरवता येत नाही. पुण्याच्या दहा आणि सांगलीच्या चार यांवर निर्णय घेता आला, कारण सोबत दुसरा पुरावा होता. कॅम्पेन बजेटच्या दोन आठवड्यांतले जुने चॅट उलटे चाळले, तेव्हा तिथेही पुण्याच्या ३० चॅटमधून ५ ऑर्डर निघाल्या होत्या. दोन वेगवेगळ्या पंधरवड्यांनी एकच गोष्ट सांगितली, तेव्हा आम्ही पुढे गेलो.

पुढे म्हणजे सगळे ६०० रुपये पुण्याच्या एकाच सेटला दिले. इथे एक गंमत लक्षात घ्या: कॅम्पेनमध्ये ॲड सेट एकच असेल तर बजेट वर ठेवा की खाली, काहीही फरक पडत नाही. वाटून द्यायलाच दुसरं कोणी नाही. ज्या वादात तुम्हाला दोघांनी दोन सल्ले दिले, तो वाद इथे संपतो.

पुढच्या चौदा दिवसांत पुण्यात चॅटचा भाव ५० वरून ५५ झाला. हे होणारच होतं. एकाच शहरात तिप्पट पैसे ओतले की पटकन येणारी माणसं आधी येतात आणि पुढची जरा महाग पडतात. ८,४०० रुपयांत साधारण १५३ चॅट आणि २५ ऑर्डर आल्या, म्हणजे ऑर्डरला ३३६ रुपये. आठवड्याला पंचाहत्तरच्या वर चॅट असल्याने शिकणंही पूर्ण झालं आणि रोजचा भाव स्थिर राहू लागला.

आता जीएसटी. जाहिरातीच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो, आणि छोट्या धंद्यात हा भाग हिशोबात धरायचाच राहून जातो. ३३६ चे ३९६ होतात. सुटणाऱ्या ४५० मधून ५४ रुपये उरले. तीनही शहरांना पैसे सारखे वाटून दिले होते तेव्हा ऑर्डर ४२० ला पडत होती, जीएसटी धरून ४९६, म्हणजे तोटा. कॅम्पेन बजेटवर तर ५६० चे ६६१. बजेट कुठे ठेवायचं हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटतो, पण धंदा तोट्यातून नफ्यात आला तो याच जागी. तुमची जीएसटी नोंदणी नेहमीच्या पद्धतीची असेल तर हा कर वळता करून घेता येईल का ते तुमच्या सीएंना विचारा. कंपोझिशनमध्ये असाल तर तो खर्चच धरा.

आता तुमच्या खात्याकडे येतो. सांगली आणि कोल्हापूर हे दोन सेट तुम्ही वेगळे ठेवलेत, पण ते खरंच वेगळे आहेत का ते आधी तपासा. शहर निवडलं की त्याभोवती आपोआप चाळीसेक किलोमीटरचा गोल पडतो. सांगलीभोवती आणि कोल्हापूरभोवती असे गोल काढले तर जयसिंगपूर आणि इचलकरंजी दोन्हीकडे येतात. म्हणजे एकच माणूस तुमच्या दोन सेटमध्ये आहे. कोणाची जाहिरात दाखवायची हे यंत्रणा लिलावाने ठरवते, आणि एकाच जाहिरातदाराचे दोन सेट एकाच माणसासाठी लिलावात आले, तर यंत्रणा त्यातला एकच पुढे पाठवते, दुसरा मागे राहतो. तो खर्च करू शकत नाही आणि आपण म्हणतो "कोल्हापूर चालत नाही". सांगली आणि कोल्हापूर एकत्र करा. दोन्हीकडचा ग्राहक तुमच्यासाठी सारखाच आहे, वेगळे ठेवायला कारण नाही.

म्हणजे तुमचे तीन सेट झाले: सांगली-कोल्हापूर, पुणे, मुंबई-ठाणे. नवीन कॅम्पेन करा, बजेटच्या जागी "Ad set budget" निवडा, प्रत्येकाला २०० द्या. काही खात्यांत इथेच एक पर्याय दिसतो: एका सेटच्या बजेटचा २० टक्क्यांपर्यंतचा भाग दुसऱ्या सेटला वापरू द्यायचा. मोजणीच्या काळात तो बंद ठेवा, नाहीतर तुम्ही दार धरून बसाल आणि पाणी खालून झिरपेल. एखाद्या दिवशी २०० ऐवजी बरेच जास्त गेलेले दिसतील. तेही चालतं, आठवड्याची बेरीज रोजच्या बजेटच्या सातपटीपुढे जात नाही. दिवाळीच्या किंवा रमजानच्या आठवड्यात ही मोजणी करू नका. त्या दिवसांत बेदाण्याला मागणी वेगळी असते आणि आकडे फसवतात.

तीनही सेटमध्ये जाहिराती त्याच ठेवा आणि दोनपेक्षा जास्त टाकू नका. ॲड सेट बजेट निवडलं म्हणून सगळं आपल्या हातात आलं, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. सेटच्या आत कुठल्या जाहिरातीला किती पैसे द्यायचे ते यंत्रणाच ठरवते, तिथे हाताने वाटणी करता येत नाही. २०० रुपयांच्या सेटमध्ये सहा जाहिराती टाकल्या तर एक-दोनच चालतात. बाकीच्या चारांना पन्नास रुपयेही मिळत नाहीत आणि आपण त्यांना नापास ठरवतो.

चौदा दिवसांनी तुमच्या लेबलांवरून ऑर्डरमागचा खर्च काढा, त्यात १८ टक्के घाला, आणि तुम्हाला ऑर्डरमागे काय सुटतं त्याच्याशी ताडून पाहा. ज्या शहराचा आकडा खाली बसतो तिथे सगळे पैसे द्या. एकही बसत नसेल तर बजेटची जागा बदलून उपयोग नाही. मग कमीत कमी ऑर्डर अर्ध्या किलोऐवजी दोन किलोची करा, किंवा जाहिरात बदला.

कॅम्पेन बजेट वाईट आहे असा याचा अर्थ घेऊ नका. मी स्वतः मोठ्या खात्यांत ते आनंदाने वापरतो. ते कधी वापरावं याची माझी कसोटी एकच: प्रत्येक सेटमधला रिझल्ट माझ्या गल्ल्यात सारखाच मोलाचा आहे का? असेल तर दारं उघडी ठेवायला हरकत नाही, पाणी उताराला गेलं तरी ते योग्य वाफ्यातच जातं. पुण्यातला चॅट आणि मुंबईतला चॅट साधारण सारख्याच प्रमाणात ऑर्डर देतो असं तुमच्या लेबलांवरून कळलं आणि बजेट रोज १,२००-१,५०० पर्यंत गेलं, तर त्या दोन सेटना कॅम्पेन बजेटखाली घाला. मुंबईत एखाद्या दिवशी लिलाव महाग झाला तर यंत्रणा पैसे पुण्याकडे वळवेल. हे काम रोज पहाटे उठून आपण करू शकत नाही.

त्या वेळी एक चूक मात्र करू नका. कॅम्पेन बजेटवर रिपोर्ट उघडल्यावर दिसेल की एका सेटचा चॅट ४० रुपयांना पडतोय आणि दुसऱ्याचा ५०, आणि तरी यंत्रणा ५० वाल्याला पैसे देतेय. मग लोक त्याला "महाग" म्हणून बंद करतात. रिपोर्टमधला आकडा आजवरची सरासरी असते. यंत्रणा पाहते की पुढचा एक चॅट कितीला पडेल. पहिल्या सेटची सोपी माणसं संपली असतील तर त्याचा पुढचा चॅट ७० ला पडणार असतो, आणि दुसऱ्याचा अजूनही ५२ ला. तो सेट बंद केला की सगळे पैसे ७० वाल्याकडे जातात आणि एकूण भाव वाढतो. म्हणून कॅम्पेन बजेटवर कॅम्पेनचा एकूण आकडा पाहायचा, सेटांची आपसात तुलना करायची नाही. सेटांची तुलना करायची असेल तर ती ॲड सेट बजेटवरच करा. कॅम्पेन बजेटवर कोणालाही सारखी संधी मिळालेली नसते.

दोन शाखा असतील तर मात्र बजेट कितीही मोठं असो, मी ॲड सेट बजेटच ठेवतो. साताऱ्यात आणि कराडला शाखा असलेल्या एका क्लासचं काम माझ्याकडे होतं. प्रवेशाच्या दिवसांत मी दोन्ही शाखा एका कॅम्पेन बजेटखाली घातल्या. साताऱ्याचे फॉर्म स्वस्त पडत होते, सगळे पैसे तिकडे गेले. साताऱ्याच्या बॅचमध्ये बसायला जागा उरली नाही आणि कराडच्या वर्गात बाकं रिकामी राहिली. एकूण फॉर्मचा आकडा उत्तम होता, म्हणून मला तीन आठवडे लक्षातच आलं नाही. कराडच्या सरांनी फोन केला तेव्हा कळलं. बाकं दोन ठिकाणी आहेत तर पैसेही दोन ठिकाणी ठरवूनच द्यायला हवे होते. ती चूक माझी होती आणि त्या क्लासला तो हंगाम परत मिळाला नाही.

मधला मार्ग म्हणून कॅम्पेन बजेटवर प्रत्येक सेटला किमान आणि कमाल खर्चाची मर्यादा लावता येते. दोन सेट असतील आणि एकाला थोडा आधार द्यायचा असेल, तर त्याला किमान मर्यादा लावणं ठीक आहे. यंत्रणा तेवढं खर्च करायचा प्रयत्न करते, हमी मात्र देत नाही. सगळ्याच सेटना किमान मर्यादा लावून ६०० पैकी ५०० बांधून टाकले, तर ते नावाला कॅम्पेन बजेट उरतं. त्यापेक्षा सरळ ॲड सेट बजेट ठेवा.

आणखी एक गोष्ट, कारण तुम्हाला सल्ला देणाऱ्यांपैकी एकाने कदाचित तेच ऐकलं असेल. २०१९ मध्ये फेसबुकने जाहीर केलं होतं की त्या सप्टेंबरपासून कॅम्पेन बजेट सगळ्यांना सक्तीचं होईल. त्या काळातले व्हिडिओ अजून फिरतात. ती सक्ती पुढे मागे घेतली गेली आणि दोन्ही पर्याय आजही चालू आहेत. ॲड सेट बजेट ठेवलं म्हणून तुमच्या खात्याला कुठलीही शिक्षा होत नाही.

एका शहरावर, समजा पुण्यावर, आल्यानंतर फ्रिक्वेन्सीचा रकाना दर आठवड्याला पाहत जा, म्हणजे एका माणसाला तुमची जाहिरात सरासरी किती वेळा दिसली. ती चढत असेल आणि सोबत चॅटचा भावही चढत असेल, तर आधी नवी जाहिरात करा: बागेतला, रॅकवर सुकणाऱ्या बेदाण्याचा तुमच्याच फोनवरचा व्हिडिओ चालेल. तरीही भाव उतरला नाही, की मुंबई-ठाण्याचा दुसरा सेट उघडायची वेळ झाली. तेव्हा त्याला पुण्याच्या ६०० मधून काढून देऊ नका, वरचे ३५०-४०० नव्याने घाला. ते शक्य नसेल तर पुण्यावरच थांबा.